युनिपोलर, बायपोलर आणि बायफेज: क्लॉक व डीसी यांचा हिशेब

प्रश्न: युनिपोलर, बायपोलर आणि बायफेज या तारेवरून बिट पाठवण्याच्या पद्धतींपैकी क्लॉक रिकव्हरी, म्हणजे आलेल्या सिग्नलमधूनच बिटांचा ताल काढणे, आणि डीसी, म्हणजे सिग्नलची सरासरी, शून्य असणे या दोन्ही गोष्टी बायफेजच देतो असे पुस्तकात आहे. मग सेकंदाला २ मेगाबिट, म्हणजे २ एमबीच्या ई-वन या डिजिटल लाइनवर बायपोलर कोड का वापरतात?

बायफेज या दोन्ही गोष्टी स्वतःच्या बळावर देतो हे खरे आहे; परंतु त्यासाठी तो जवळपास दुप्पट बँडविड्थ घेतो, आणि लांब तांब्याच्या जोडीवर ती परवडत नाही. बायपोलर कोड डीसी पूर्णपणे काढून टाकतो, क्लॉकचे काम मात्र अर्धेच करतो. ते उरलेले अर्धे काम सलग शून्यांच्या जागी पल्स घालणारा एचडीबी३ हा छोटासा नियम पूर्ण करतो, म्हणून ई-वनवर तोच टिकला. मी सोलापुरात अनेक वर्षे लीज लाइन आणि मोडेमच्या देखभालीचे काम केले आहे, त्यामुळे हा विषय मी प्रत्यक्ष लाइनवर जसा पाहिला तसा सांगतो.

आधी डीसी का नको ते पाहू. लाइनच्या दोन्ही टोकांना ट्रान्सफॉर्मर असतो, कारण उपकरण लाइनपासून विद्युतदृष्ट्या वेगळे ठेवायचे असते, आणि वाटेत रिपीटर असतील तर त्यांना लागणारी डीसी वीजही त्याच जोड्यांवरून पाठवायची असते. ट्रान्सफॉर्मरमधून डीसी पलीकडे जात नाही. आता ३ व्होल्टची युनिपोलर पल्स घ्या, म्हणजे १ साठी ३ व्होल्ट आणि ० साठी शून्य, आणि पल्स पूर्ण बिटभर टिकते असे माना. १ आणि ० सारख्याच संख्येने येत असतील, तर या सिग्नलची सरासरी दीड व्होल्ट होते, आणि हा दीड व्होल्ट पलीकडे पोहोचतच नाही. नुसता पोहोचला नसता तरी चालले असते. पण तो किती हे डेटावर अवलंबून असल्यामुळे संपूर्ण सिग्नलची आधाररेषा डेटाप्रमाणे वरखाली सरकत राहते.

ती किती सरकते याचा हिशेब सोपा आहे. ट्रान्सफॉर्मरचा इंडक्टन्स १.२ मिलिहेन्री आहे, आणि १२० ओहमचा सोर्स व १२० ओहमचा लोड मिळून त्याला ६० ओहम दिसतात असे धरू. मग

```
L/R = 1.2 mH / 60 ohm = 20 us
```

हे २० मायक्रोसेकंद म्हणजे पल्सचा माथा ३७ टक्क्यांपर्यंत घसरायला लागणारा वेळ. ई-वनचा एक बिट ४८८ नॅनोसेकंदांचा असतो. सलग २० वेळा १ आला तर सुमारे ९.८ मायक्रोसेकंद होतात, आणि तेवढ्यात पल्सचा माथा घसरून मूळ उंचीच्या ६१ टक्क्यांवर येतो. सलग ३० वेळा १ आला तर तो ४८ टक्क्यांवर येतो. रिसीव्हरचा उंबरठा निम्म्या उंचीवर असेल, तर लाइनवर एक असूनही त्याला शून्य वाचले जाते. लाइन निर्दोष, केबल निर्दोष, तरीही चुका. आणि त्या ठरावीक डेटालाच होतात, म्हणून शोधायला फार त्रास देतात.

बायपोलरमध्ये, म्हणजे एएमआयमध्ये, शून्याला शून्य व्होल्ट असतो आणि प्रत्येक एकाची पल्स आळीपाळीने अधिक आणि उणे पाठवली जाते. शिवाय ई-वनवर ही पल्स अर्धा बिटच, म्हणजे २४४ नॅनोसेकंद टिकते. तेवढ्या वेळात वरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये माथा जेमतेम सव्वा टक्का घसरतो, आणि पुढची पल्स उलट दिशेची असल्याने तेवढेही भरून निघते. कोणत्याही क्षणी बेरीज केली तरी एका पल्सपेक्षा जास्त शिल्लक राहत नाही. डीसीचा प्रश्न इथे मुळापासून मिटतो.

क्लॉकची गोष्ट मात्र अधिक गुंतागुंतीची आहे, आणि पुस्तकांत ती बहुधा एका ओळीत उरकली जाते. एएमआय सिग्नल स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर लावला की २.०४८ मेगाहर्ट्झवर, जिथे क्लॉक हवा तिथे, खोल खड्डा दिसतो. कारण अधिक आणि उणे पल्सची क्लॉकची वारंवारता एकमेकींना खोडून टाकते. मी बाकावर तोच सिग्नल फुलवेव्ह रेक्टिफायरमधून नेला, तेव्हा नेमक्या २.०४८ मेगाहर्ट्झवर बारीक, उंच रेघ उभी राहिली. रेक्टिफायरने उणे पल्स वर उचलल्या की एएमआयचा पुन्हा अर्ध्या बिटाच्या पल्सचा युनिपोलर सिग्नल तयार होतो, आणि त्यात क्लॉकची रेघ असते. म्हणजे युनिपोलरकडे क्लॉक होता पण डीसीही होता. बायपोलरने डीसी टाकताना क्लॉक झाकून ठेवला, आणि रिसीव्हरने ट्रान्सफॉर्मर ओलांडल्यावर तो पुन्हा उघडा केला. हा डाव मला आजही फार सुंदर वाटतो.

पण पल्स आलीच नाही तर रेक्टिफायर काय उचलणार? जुन्या रिपीटरमध्ये क्लॉकची रेघ धरून ठेवायला ट्यून्ड सर्किट असे. घंटेवर एकदा ठोका दिल्यावर आवाज विरत जावा, तसे त्यातले दोलन पल्स थांबली की विरू लागते. सर्किटचा क्यू, म्हणजे दोलन टिकवण्याची क्षमता, ८० असेल तर सुमारे २५ बिट पल्सशिवाय गेल्यावर दोलनाची उंची ३७ टक्क्यांवर येते, आणि ५० बिटांनंतर १४ टक्क्यांच्या आसपास. आजच्या उपकरणांत क्रिस्टलवर चालणारे पीएलएल हे क्लॉक धरून ठेवणारे सर्किट असल्याने ते जास्त काळ तग धरते. तरीही ई-वनच्या क्लॉकला अधिक-उणे ५० पीपीएमची, म्हणजे दहा लाखांत ५० भागांची सूट आहे, म्हणजे दोन टोकांत सर्वाधिक १०० पीपीएमचा फरक पडू शकतो, आणि ५,००० बिट पल्सशिवाय गेले तर नमुना घेण्याची जागा अर्धा बिट सरकते. त्याच्या कितीतरी आधी, १० ते २५५ बिटांच्या मर्यादेत कुठेतरी, रिसीव्हर ‘सिग्नल नाही’ असा अलार्मही देतो.

हे मला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतील एका कारखान्याच्या लाइनवर शिकायला मिळाले. फ्रेमिंग नसलेली, म्हणजे सगळे बिट डेटाचेच असलेली २ एमबीची लाइन होती आणि दोन्ही टोकांना ई-वनची जी.७०३ जोडणी उपकरणाच्या व्ही.३५ जोडणीशी जुळवणारे कन्व्हर्टर होते. तक्रार अशी, की ईमेल व्यवस्थित जाते, साधा पिंग शंभरात शंभर येतो, पण हिशेबाच्या डेटाबेसचा बॅकअप दरवेळी मधेच तुटतो. केबल मोजली, जोडण्या उघडून पुन्हा केल्या, तरी फरक पडला नाही. शेवटी मी डेटाचा नमुनाच ठरवून पिंग केला:

```
ping -c 100 -s 1400 -p ff 10.1.1.2
ping -c 100 -s 1400 -p 00 10.1.1.2
```

पहिल्या आज्ञेत एकही पॅकेट हरवले नाही; दुसरीत एकही परत आले नाही. तेवढ्यावर निदान झाले. दुसऱ्या आज्ञेतल्या प्रत्येक पॅकेटमध्ये सुमारे ११,००० सलग शून्ये होती, म्हणजे लाइन ५.४ मिलिसेकंद निव्वळ गप्प होती. डेटाबेसच्या फाइलमधली रिकामी पाने अशाच शून्यांनी भरलेली असतात, म्हणून बॅकअप तिथेच तुटत होता. दोन्ही कन्व्हर्टर उघडले तर दोन्हींचा डिप स्विच एएमआयवर होता. सेटिंग दोन्हीकडे सारखेच असल्याने लिंक उभी राहत होती आणि म्हणूनच कुणाला संशय आला नव्हता. दोन्ही स्विच एचडीबी३वर केल्यावर शून्यांचा पिंगही शंभरात शंभर आला.

एचडीबी३चा नियम असा, की चार शून्ये सलग येऊच द्यायची नाहीत. आली तर त्यांच्या जागी मुद्दाम पल्स घालायची. ती खरी नव्हे हे पलीकडे कळावे म्हणून चौथ्या जागी आधीच्या पल्सच्याच दिशेची पल्स पाठवतात, म्हणजे आळीपाळीचा नियम जाणूनबुजून मोडतात. पण त्याच दिशेच्या पल्स साठत गेल्या तर डीसी पुन्हा मागच्या दाराने आत येईल. म्हणून नियम मोडणाऱ्या पल्सही आपसांत अधिक-उणे अशा आळीपाळीने याव्या लागतात. त्यासाठी मागच्या मोडीपासून, म्हणजे नियम मोडणाऱ्या मागच्या पल्सपासून, साध्या पल्स सम संख्येने आल्या असतील, तर चारांतल्या पहिल्या जागीही एक नियमाप्रमाणेची पल्स घालतात. मागची मोड उणे होती असे धरून एक उदाहरण:

```
data : 1 0 0 0 0 1 1 0 0 0 0 1
line : + 0 0 0 + - + - 0 0 - +
```

पहिल्या चौकडीआधी एकच साधी पल्स, म्हणजे विषम, म्हणून फक्त चौथी जागा भरली. दुसऱ्या चौकडीआधी दोन, म्हणून पहिली आणि चौथी अशा दोन्ही जागा भरल्या, आणि मोड यावेळी उणे झाली. आता लाइन कधीही तीन बिटांपेक्षा जास्त गप्प राहत नाही. एका टोकाला एचडीबी३ आणि दुसऱ्याला एएमआय असेल, तर एएमआयचा रिसीव्हर वरच्या उदाहरणातल्या तिन्ही भरीच्या पल्सना खरे एक समजतो. अशा लाइनवर साधा पिंगही जात नाही, त्यामुळे ती चूक निदान लगेच उघडी पडते.

आता बायफेज, म्हणजे मँचेस्टर. इथे प्रत्येक बिटाच्या मध्यभागी पातळी बदलतेच: एकाला खालून वर, शून्याला वरून खाली. प्रत्येक बिटाची बेरीज त्या बिटातच शून्य होते आणि क्लॉकसाठी डेटाच्या मर्जीवर राहावे लागत नाही. कोणताही भरीचा नियम नको, मोजणी नको. पण २.०४८ एमबीचा एएमआय सिग्नल आपली बहुतेक शक्ती १ मेगाहर्ट्झच्या आसपास ठेवतो, तर त्याच वेगाचा मँचेस्टर सिग्नल ती दीड मेगाहर्ट्झच्या आसपास नेतो आणि ४ मेगाहर्ट्झपर्यंत पसरतो. तांब्याच्या जोडीतली घट वारंवारतेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. ज्या जोडीवर १ मेगाहर्ट्झला ३० डीबी घट आहे तिच्यावर दीड मेगाहर्ट्झला ती ३६ ते ३७ डीबी होते, म्हणजे पलीकडे पोहोचणारी शक्ती जवळपास पाचपट कमी. शिवाय एकाच केबलमधल्या शेजारच्या जोडीतून झिरपणारा आवाज वारंवारतेबरोबर वाढतो, तो वेगळाच. शेकडो जोड्यांच्या केबलमध्ये हा तोटा रिपीटर जवळ आणूनच भरून काढावा लागला असता.

तांब्याच्या जोडीवरच्या १० एमबीच्या इथरनेटमध्ये अंतर १०० मीटरच असल्याने तिथे मँचेस्टर सहज परवडला. तिथेही क्लॉकबाबत एक बारकावा आहे. सलग एक किंवा सलग शून्य पाठवल्यास मँचेस्टरची एकसारखी चौकोनी लाट होते, आणि तीत बिटाच्या मध्यावरचा बदल कोणता आणि कडेवरचा कोणता हे ओळखता येत नाही. १०१०१० पाठवले तर मात्र फक्त मध्यावरच बदल होतात. म्हणून प्रत्येक फ्रेमच्या आधी ५६ बिटांचा १०१० असा नमुना जातो आणि त्या ५.६ मायक्रोसेकंदांत रिसीव्हर बिटाचा मध्य निश्चित करतो. जोडीच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या, तर मँचेस्टरचा प्रत्येक बिट उलटा वाचला जातो. एएमआय आणि एचडीबी३ मात्र दिशांमधला फरकच पाहतात, आणि केबल जोडणाऱ्याच्या हातून तारा उलटल्या तरी त्यांच्या डेटाला काहीच होत नाही.