फोर्स मजूर, फ्रस्ट्रेशन आणि आपली अस्मानी-सुलतानी

प्रश्न : भोसरीत आमचं छोटं युनिट आहे. चाकणच्या कस्टमरच्या पीओमध्ये, म्हणजे परचेस ऑर्डरमध्ये, 'फोर्स मजूर' असं एक कलम आहे आणि आमचे वकील म्हणतात नोटिशीत 'फ्रस्ट्रेशन'पण टाकू. दोन्ही एकच का? मराठीत नक्की काय म्हणायचं? आणि मजुरांशी याचा काही संबंध आहे का?

मजुरांचं आधी उरकून घेऊ. शब्द फ्रेंच आहे, उच्चार साधारण 'फोर्स माझर', त्यातला ज हा झ आणि श यांच्या मधे कुठेतरी पडतो, तो आपल्याकडे टायपिस्टच्या हातून 'मजूर' झाला आणि आता पिंपरी-चिंचवडच्या अर्ध्या परचेस ऑफिसांत तसाच बोलला जातो. अर्थ एवढाच की वरचढ जोर, म्हणजे आपल्यापेक्षा मोठी ताकद, आणि ती आडवी आली म्हणून काम अडलं तर सवलत मिळावी यासाठी करारात हे कलम असतं. मजेची गोष्ट म्हणजे या कलमातल्या यादीत संप बहुतेक वेळा असतोच, त्यामुळे मजूर अगदीच उपरे नाहीत, फक्त तुमच्याच शॉपमधला संप चालत नाही असंही पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं ते बघून घ्या.

मराठीत याला 'दैवी आपत्ती' म्हणतात ते मला पटत नाही. दैवी म्हणजे भूकंप, पूर, वीज पडणं. पण कलमात युद्ध असतं, नाकाबंदी असते, सरकारी बंदी असते, त्यात दैवाचा काय संबंध? आपल्याकडे याला आधीपासून फार नेमका जोडशब्द आहे, अस्मानी-सुलतानी. आभाळातून पडलेलं ते अस्मानी, राजाच्या हुकमातून किंवा फौजेतून आलेलं ते सुलतानी. सुप्रीम कोर्टानेही १९६१ च्या धनराजमल गोविंदराम खटल्यात हेच म्हटलंय की फोर्स माझर हे नुसत्या देवाच्या करणीपेक्षा रुंद आहे. म्हणून मी तरी 'अस्मानी-सुलतानी कलम' म्हणतो, सरकारी भाषांतरापेक्षा ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

आता फ्रस्ट्रेशन. यात वैताग, निराशा वगैरे काही नाही, म्हणजे तुम्हाला झाली असेल पण कायद्याला तिच्याशी घेणं नाही. मुळात लॅटिन 'फ्रुस्त्रा', म्हणजे व्यर्थ, फुकट. वाया जातो तो करार, माणूस नाही. सरकारी मराठीत करार म्हणजे संविदा, म्हणून कोणी 'संविदेचं विफलीकरण' म्हणेल, मला 'करार निष्फळ होणं' बरं वाटतं.

दोन्हीतला खरा फरक भाषांतरात नाही, कुठून येतात त्यात आहे. अस्मानी-सुलतानी कलम हे तुम्ही आणि कस्टमरने मिळून लिहिलेलं वाक्य असतं, ते नसेल तर ती सवलतच नाही, आणि असेल तर त्यात जेवढं लिहिलंय तेवढंच मिळतं, एक अक्षर जास्त नाही. फ्रस्ट्रेशन कोणी लिहीत नाही, करार गप्प असतो तिथे कायदाच बोलतो, १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ५६. एनर्जी वॉचडॉगच्या २०१७ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने हे वेगळं करून दाखवलंय : संकटाची सोय करारातच असेल तर मामला त्याच कायद्याच्या कलम ३२ ने बघायचा, संकट कराराच्या बाहेरचं असेल तरच ५६ कडे जायचं. तो खटला सप्लाय चेनचाच होता, वीज कंपन्या इंडोनेशियाचा कोळसा आणत होत्या, तिकडच्या सरकारने निर्यातीच्या किमतीचे नियम बदलले, कोळसा महागला, आणि कोर्टाने सांगितलं की महाग पडतंय म्हणजे अशक्य झालं असं होत नाही.

आणि दुसरा फरक, जो तुमच्या नोटिशीसाठी जास्त महत्त्वाचा, तो हा की कलम बहुतेक वेळा करार थांबवतं, मुदत पुढे सरकवतं, फ्रस्ट्रेशन करार मारून टाकतं. घटना घडली त्या क्षणी, आपोआप, दोघांच्या बाजूने, आणि पूर्ण. तीन आठवडे फ्रस्ट्रेट झाला मग परत जिवंत झाला असं काही नसतं.

उदाहरण घेतो, आकडे माझे आहेत, तुमचे घालून बघा. ऑक्टोबर २०२३ ला तुम्ही १८ लाखांची ऑर्डर घेतली, असेंब्ल्या करून ३१ जानेवारीला चाकणला पोचवायच्या. आत बसणारं बेअरिंग इटलीहून येतं, समुद्रमार्गे न्हावाशेवाला. उशीर झाला तर एलडी, म्हणजे करारात ठरलेली भरपाई, दर आठवड्याला अर्धा टक्का म्हणजे ९,००० रुपये, कमाल पाच टक्के म्हणजे ९०,०००. डिसेंबरच्या मध्यात लाल समुद्रातल्या हुथी हल्ल्यांमुळे मोठ्या शिपिंग कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपमार्गे न्यायला सुरुवात केली. तुमचा कंटेनर तीन आठवडे उशिरा. एलडी २७,०००.

पहिलं काम, कलमातलं क्रियापद बघा. हो, क्रियापद! यादीत युद्ध आहे का, नाकाबंदी आहे का हे सगळेच बघतात, पण नाडी क्रियापदात असते. 'काम करण्यास प्रतिबंध झाल्यास' एवढंच असेल तर तुम्ही अडचणीत, कारण प्रतिबंध झालेला नाही, माल येतोय, फक्त लांबून येतोय. 'प्रतिबंध, अडथळा अथवा विलंब झाल्यास' असेल तर तीन आठवड्यांची मुदतवाढ मागता येते आणि २७,००० वाचतात. एका शब्दाचा फरक, आणि पीओवर सही करताना तो शब्द कोणी वाचत नाही (मी स्वतः परचेसमध्ये होतो तेव्हा मीही वाचला नाही, एकदा चांगला फटका बसला तेव्हापासून वाचतो).

मग नोटिशीची मुदत. समजा कलमात 'घटना कळल्यापासून ७ दिवसांत लेखी' असं आहे. हे दिवस मोजायचे फॉरवर्डरचा, म्हणजे माल आणून देणाऱ्या एजंटचा, 'जहाज वळवलंय' असा मेल आला त्या तारखेपासून, बेअरिंग आलं नाही हे स्टोअरवाल्याच्या लक्षात आलं त्या तारखेपासून नाही. तो मेल जपून ठेवा, जहाज कंपनीची मालाची पावती म्हणजे बिल ऑफ लेडिंग ठेवा, कारण उशीर त्या घटनेमुळेच झाला हे तुम्हालाच दाखवायचंय. तुमच्या बेअरिंगची ऑर्डरच जर तुम्ही तीन आठवडे उशिरा टाकली असेल तर हुथींच्या नावावर ते खपणार नाही. आणि तीच ऑर्डर तुम्ही मार्च २०२४ मध्ये घेतली असती तर उत्तर बदललं असतं, तेव्हा वळसा सगळ्या जगाला माहीत होता, माहीत असलेल्या खड्ड्यात पाय घालून नंतर अस्मानी म्हणता येत नाही.

विमानाने आणता आलं असतं का हा प्रश्न कस्टमर विचारणारच. करारात वाहतूक समुद्रमार्गेच असं नसेल तर 'महाग पडलं असतं' हे उत्तर एकट्याने टिकत नाही, वर कोळशाचं बघितलंच. निदान कोटेशन मागवलं, लोकल बेअरिंगसाठी ड्रॉइंगवर मंजुरी मागितली, त्यांनी नाही म्हटलं, एवढं कागदावर असू द्या.

आणि कलम कोणासाठी लिहिलंय तेही बघा, गंमत नाही करत. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे काही स्टील आयातदार मुंबई हायकोर्टात गेले, दक्षिण कोरियातून माल निघाला होता आणि त्यांना लेटर ऑफ क्रेडिटचे, म्हणजे विकणाऱ्याला बँकेने द्यायच्या हमीचे, पैसे थांबवायचे होते. कोर्टाने करार वाचून सांगितलं, हे फोर्स माझरचं कलम फक्त विकणाऱ्याच्या फायद्याचं आहे, घेणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. बरं, लॉकडाऊन ठरावीक मुदतीचा आहे हेही त्यांच्या विरोधात गेलं.

आता वकिलांचं 'फ्रस्ट्रेशनपण टाकू'. यासाठी एक जुना इंग्लंडचा खटला बघण्यासारखा आहे, तुमच्या लाल समुद्राचा सख्खा मोठा भाऊच. १९५६ साली ३०० टन सुदानी शेंगदाणे पोर्ट सुदानहून हॅम्बुर्गला द्यायचा सौदा झाला, शिपमेंट नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. २ नोव्हेंबरला सुएझ कालवा बंद. केपवरून अंतर अडीचपट आणि भाडं टनाला साडेसात पौंडांवरून पंधरावर, म्हणजे दुप्पट. विकणाऱ्याने शेंगदाणे पाठवलेच नाहीत, आणि दोन्ही शस्त्रं काढली, कलमही आणि फ्रस्ट्रेशनही. १९६१ साली हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टात, दोन्हीत हरला. कलमात का, तर शिपमेंटला प्रतिबंध झाला तर असं होतं, आणि पोर्ट सुदानला जहाजात माल चढवायला कोणी अडवलंच नव्हतं. फ्रस्ट्रेशनमध्ये का, तर शेंगदाणे नासणारा माल नाही, हॅम्बुर्गला कुठल्या तारखेला पोचायचे ते ठरलं नव्हतं, आणि भाडं दुप्पट झालं म्हणून सौदा मुळातूनच वेगळा होत नाही. आपल्या सुप्रीम कोर्टाने १९५४ मध्ये सत्यब्रत घोष खटल्यात 'अशक्य' शब्द थोडा सैल केलाय, अक्षरशः अशक्यच पाहिजे असं नाही, दोघांनी ज्या पायावर सौदा केला तो पायाच उखडला तरी चालतं, पण त्या खटल्यातही कोलकात्याजवळची जमीन युद्धात सरकारने तात्पुरती ताब्यात घेतली होती आणि तरी करार टिकला. तीन आठवड्यांच्या बेअरिंगने पाया उखडत नाही हो.

उखडेल कधी? करारात तोच कारखाना, तेच बेअरिंग, दुसरं चालणार नाही असं पक्कं लिहिलंय आणि तो कारखाना जळाला, किंवा सरकारने त्या वस्तूची आयातच बंद केली, कधी उठेल माहीत नाही. 'कुठूनही आणा पण एवढ्या क्वालिटीचं आणा' असा करार असेल तर एक सप्लायर बुडाला तरी तो निष्फळ होत नाही.

म्हणून तुमच्या नोटिशीत हे दोन शब्द शेजारी शेजारी बसवू नका असं माझं मत. एका ओळीत तुम्ही म्हणताय, करार जिवंत आहे, मला तीन आठवडे द्या. पुढच्या ओळीत म्हणताय, करार डिसेंबरातच मेला. कस्टमर हुशार असेल तर दुसरी ओळ उचलेल, बरं, मेला तर मेला, आम्ही दुसरीकडून घेतो, आणि अर्धवट झालेल्या असेंब्ल्या तुमच्या शेडमध्ये. वर करार कायद्याच्या कलम ६५ खाली घेतलेला ॲडव्हान्सही परत मागेल. एलडीचे २७,००० वाचवायला गेलो आणि १८ लाखांची ऑर्डर गेली असं व्हायचं. वकिलांना विचारा की 'पर्यायी म्हणणं' म्हणून टाकताय का, कोर्टात कैफियतीत तसं चालतं, पण ही चालू धंद्यातली नोटीस आहे, तिथे कस्टमर पर्यायी वगैरे वाचत नाही.

मी असतो तर मराठी पत्रात एवढंच लिहिलं असतं : 'पीओमधील अस्मानी-सुलतानी कलमानुसार २१ दिवस मुदतवाढ मिळावी. करार चालू आहे व माल आम्ही देणारच आहोत.' आणि इंग्रजी प्रत टाइप करणाऱ्याला तेवढं सांगा, त्यात मजूर नको.