ऑडिटनं ड्रॉबॅक परत मागितलाय: सगळा भरायचा की फरकापुरता?

प्रश्न: वकीलसाहेब, बेळगावच्या उद्यमबागेत आमची लहान फाउंड्री आणि मशीन शॉप आहे. कास्टिंग न्हावा शेवाहून जर्मनीला जातात. कस्टम्सच्या ऑडिटचं पत्र आलंय. 2023-24 च्या 14 शिपिंग बिलांत दाखवलेली रक्कम आणि बँकेत आलेली रक्कम जुळत नाही, म्हणून त्या बिलांवरचा सगळा ड्रॉबॅक, म्हणजे निर्यातीवर सरकारनं परत दिलेलं शुल्क, 9 लाख 24 हजार रुपये, व्याजासह परत करा असं लिहिलंय. पार्टीनं काही बिलांत खराब मालाचे पैसे कापले, हे खरं आहे. सीए म्हणतात, भरून मोकळे व्हा. काय करावं?

उत्तर: सगळी रक्कम भरू नका. मात्र आमचं काहीच देणं लागत नाही, असंही लिहून देऊ नका. तुमच्या खात्यातला फरक एकाच जातीचा नाही, आणि त्यातला प्रत्येक भाग कायदा वेगळ्या नजरेनं पाहतो.

आधी कायदा. कस्टम्स कायद्याच्या कलम 75 प्रमाणे मालाचे पैसे परकी चलन कायद्यानं दिलेल्या मुदतीत आले नाहीत, तर त्या मालावरचा ड्रॉबॅक मुळात मिळालाच नव्हता असं धरतात. पण वसुली कशी करायची हे 2017 च्या ड्रॉबॅक नियमांतला नियम 18 सांगतो. पैसे अर्धवट आले असतील तर एकूण विक्रीच्या रकमेशी न आलेल्या रकमेचं जे प्रमाण, त्याच प्रमाणात ड्रॉबॅक परत घ्यायचा. पैसे आलेल्या मालावरचा ड्रॉबॅक तुमचाच राहतो. त्यामुळे तुमच्या पत्रातली पूर्ण रकमेची मागणी नियमाच्या भाषेतच बसत नाही.

आता 14 बिलांची एक शीट करा. प्रत्येक बिलापुढे इनव्हॉइसची रक्कम, फ्रेट, विमा, एफओबी म्हणजे हे दोन्ही वगळून मालाची किंमत, ई-बीआरसी म्हणजे निर्यातीचे पैसे बँकेत आल्याच्या दाखल्यातली रक्कम, आणि जमा झालेला ड्रॉबॅक लिहा. ई-बीआरसीपुढे ती कोणत्या परदेशी जमेतून बनवली, तेही लिहा. नोव्हेंबर 2023 पासून विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीएफटीच्या, नव्या पद्धतीत बँकेनं पाठवलेल्या जमेच्या नोंदीवरून निर्यातदार स्वतःच ई-बीआरसी बनवतो. चूक बहुतेक वेळा इथंच होते. तीन बिलांचे पैसे एकाच जमेत आले आणि क्लार्कनं सगळे एकाच बिलावर लावले, तर दोन बिलं उघडी दिसतात आणि तिसऱ्यावर जास्त रक्कम दिसते. खानापूरकडच्या एका निर्यातदाराच्या फाइलीत मी हेच पाहिलं होतं. पैसे पूर्ण आलेले, पण कागदावर तीन बिलांपैकी दोन कोरी. अशी बिलं तुमच्या यादीत असतील तर त्यांची नोंद आधी दुरुस्त करा. त्यांच्यावर एक रुपयाही देणं नाही.

उरलेल्या बिलांसाठी एक उदाहरण घेतो. आकडे समजुतीसाठी आहेत, तुमचे घालून पाहा. इनव्हॉइस 40,000 युरो, सीआयएफ, म्हणजे फ्रेट आणि विमा धरून. फ्रेट आणि विमा मिळून 2,500, म्हणजे एफओबी 37,500 युरो. कस्टम्सचा विनिमय दर 88 रुपये धरला तर 33 लाख रुपये, आणि ड्रॉबॅकचा दर 2 टक्के धरला तर 66,000 रुपये. बँकेत आले 36,940 युरो. तुटवडा 3,060 युरोंचा. इथं एक सावधगिरी ठेवा: जमा झालेली सीआयएफ रक्कम एफओबीशी ताडली तर तुटवडा 560 युरोच दिसतो. हा सोयीचा आकडा उत्तरात घालू नका. ऑडिटवाले तो लगेच पकडतात आणि तुमच्या बाकीच्या कागदांवरचा विश्वास जातो.

हे 3,060 युरो फोडा. समजा पार्टीनं एजंटचं कमिशन म्हणून 1,500 कापले, परदेशी बँकांनी वाटेत 60 घेतले आणि ब्लो होल निघालेल्या कास्टिंगचे 1,500 डेबिट नोटनं कापले. यातलं कमिशन आणि परदेशी बँकेचा खर्च मिळून एफओबीच्या 12.5 टक्क्यांपर्यंत असेल, तर त्यासाठी ड्रॉबॅक कापत नाहीत. कमिशनसाठी ही मर्यादा आधीपासून होती, 2019 च्या परिपत्रक 33 नं बँकेचा खर्चही तिच्यातच धरला. इथं ते 1,560 युरो, म्हणजे एफओबीच्या साधारण 4.2 टक्के. हा भाग सुटला. पण कमिशन शिपिंग बिलात दाखवलेलं होतं का, ते बघा. तो रकाना कोरा असेल तर एजंटचा करार आणि पार्टीचं कपातीचं पत्र दोन्ही जोडा, आणि वाद होणार हे धरून चाला.

राहिले खराब मालाचे 1,500 युरो. ते 40,000 च्या 3.75 टक्के होतात, म्हणून 66,000 पैकी 2,475 रुपये परत. त्यावर ड्रॉबॅक जमा झाल्या दिवसापासून वर्षाला 15 टक्के व्याज. दोन वर्षं झाली असतील तर साधारण 743 रुपये. एका बिलावर 66,000 मागितलेत आणि खरं देणं 2,475 आणि व्याज एवढंच.

इथं आपल्याकडचे बरेच जण एका ठिकाणी चुकतात. बँकेनं डेबिट नोट मान्य करून ते बिल तिच्या खात्यात बंद केलं, म्हणजे ड्रॉबॅकही वाचला असं त्यांना वाटतं. तसं नाही. पैसे न येताही ड्रॉबॅक टिकायला नियमाला तीन गोष्टी लागतात: ईसीजीसीच्या विम्यातून मिळालेली भरपाई, रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार रक्कम माफ झाल्याची नोंद, आणि पैसे वसूल होत नाहीत असा त्या देशातल्या आपल्या वकिलातीचा दाखला. खराब मालाच्या कपातीला हे कवच मिळत नाही, ती रक्कम भरायचीच. आणि तो माल परत इकडे आणला असेल तर मला वेगळं कळवा, त्याचे नियम निराळे आहेत.

तुमच्या हातातलं पत्र नीट वाचा. ते ऑडिटची हरकत असेल तर अहवाल बनवण्याआधी अधिकाऱ्यांनी तुम्हाला खुलाशाची संधी द्यायची असते, तेव्हा वरची शीट, ई-बीआरसी, डेबिट नोटा आणि करार लावून पत्रातल्या मुदतीत उत्तर द्या. नियम 18 ची नोटीस असेल तर पैसे आल्याचा पुरावा द्यायला ती हातात पडल्यापासून 30 दिवस मिळतात. ते चुकवू नका, कारण त्यानंतर थेट वसुलीचा आदेश निघतो. दोन्ही वेळी खराब मालापुरती रक्कम व्याजासह चलनानं भरा आणि चलनाची प्रत उत्तराला जोडा. दंडाची भीती सीएंनी घातली असेल, तर उत्तरात एवढंच स्पष्ट लिहा की निर्यातीच्या दिवशी दिलेली किंमत खरी होती आणि कपात माल तिकडे पोचल्यावर झाली. डेबिट नोटेची तारीख तेच सांगते.

त्याच बिलांवर रोडटेप, म्हणजे निर्यातीवर करांच्या परताव्यापोटी मिळणारं क्रेडिट, घेतला असेल तर त्याचाही तेवढाच हिस्सा व्याजासह परत करायचा आहे. क्रेडिट दुसऱ्याला विकलं असलं तरी.

आणि तरीही पूर्ण वसुलीचा आदेश आलाच, तर अपील 60 दिवसांत, आदेश काढणाऱ्या ठिकाणच्या अपील आयुक्तांकडे. आदेश न्हावा शेवाचा असेल तर तिकडच्या अपील आयुक्तांकडे, बेंगळुरूला नाही. ड्रॉबॅकच्या वादात तिथून पुढे ट्रिब्युनल नसतं, केंद्र सरकारकडे पुनरीक्षण अर्ज करावा लागतो, म्हणून पहिल्या अपिलातच सगळे कागद लावा.