ॲप बिघडलं, फोन की नेट? अदलाबदल करून बघा

प्रश्न: ॲप उघडलं की नुसतं चक्र फिरतं आणि शेवटी ‘इंटरनेट नाही’ असं येतं. वायफायची खूण तर पूर्ण भरलेली दिसते. मोबाइलवाला म्हणतो फोन जुना झाला, केबलवाला म्हणतो लाइन ठीक आहे. ओळखायचं कसं?

आधी त्या खुणेबद्दल. वायफायची खूण भरलेली म्हणजे तुमचा फोन आणि घरातला राउटर यांचं जमलंय, एवढंच. नळ टाकीला जोडलाय, पण टाकीत पाणी आहे का, हे ती सांगत नाही. आणि ॲपने ‘इंटरनेट नाही’ म्हटलं म्हणजे ते नसेलच असंही नाही. आपल्या सर्व्हरकडून उत्तर आलं नाही की बरीच ॲपं हेच वाक्य दाखवून मोकळी होतात.

म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या दोन तशाच ठेवायच्या.

पहिल्यांदा ॲप बदला. त्याच फोनवर, त्याच वायफायवर ब्राउझर उघडा आणि पूर्वी कधीच शोधलं नसेल असं काहीतरी शोधा, उदाहरणार्थ एखाद्या लांबच्या गावाचं आजचं तापमान. नेहमीचं पान उघडू नका, कारण फोन त्याची साठवलेली प्रत दाखवतो आणि नेट बंद असूनही चालू वाटतं. इथे बरेच जण फसतात. नवं पान झटकन आलं, दोनतीन साइट उघडल्या, तर नेट बहुतेक ठीक आहे आणि संशय ॲपवर जातो.

मग रस्ता बदला. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तेच ॲप चालवा. चाललं, तर राउटर किंवा लाइन बघायची. उलट, वायफाय तपासताना मात्र मोबाइल डेटा आठवणीने बंद ठेवा. वायफाय कच्चं पडलं की काही फोन गुपचूप डेटावर जातात आणि तुम्हाला वाटतं वायफायच चाललं. रोज दीड जीबीचा पॅक असेल तर तो संपलाय का तेही बघा. अशा पॅकमध्ये कोटा संपल्यावर वेग साधारण 64 केबीपीएसवर येतो. मग साधा मेसेज जातो, फोटो अडकतो, आणि बिचाऱ्या ॲपवर आळ येतो.

शेवटी फोन बदला. घरातल्या दुसऱ्या फोनवर, त्याच वायफायवर, तेच ॲप. तिथे चाललं तर दोष तुमच्या फोनचा, किंवा तुमच्या फोनमधल्या त्या ॲपचा. दोन्ही फोनवर आणि दोन्ही नेटवर अडलं, पण बाकी सगळं चालतंय, तर ॲपचा सर्व्हरच बसला असणार. तेव्हा फोनला हात लावू नका, तासाभराने बघा.

दोष ॲपचा ठरला तर आधी Force stop, मग अपडेट, मग Clear cache. Clear storage किंवा Clear data मात्र शेवटी. त्याने ॲप कोरं होतं, आणि व्हॉट्सॲपसारख्या ॲपमध्ये बॅकअप नसेल तर गप्पा जातात.

व्हॉट्सॲपवरून आठवलं. मेसेजपुढे घड्याळ दिसतंय म्हणजे तो अजून तुमच्याकडेच अडकलाय. एक टिक आली म्हणजे तुमच्याकडून गेला, समोरच्याच्या फोनवर पोचायचा आहे. ‘माझं नेट गेलं’ म्हणून एक टिक दाखवणारे नातेवाईक मला दर महिन्याला भेटतात.

आता आमच्या घरचा किस्सा. आईच्या फोनवर वीजबिलाचं ॲप उघडेना. मीही आधी ॲपलाच शिव्या दिल्या. मग ब्राउझर उघडला: काही साइट उघडल्या, काही नाही. डेटावर गेलो, तरी तेच. माझ्या फोनवर, त्याच वायफायवर, सगळं सुरळीत. म्हणजे नेट सुटलं, ॲपही सुटलं, उरला फोन. पण काही साइट चालतात आणि काही नाही, हे का? न उघडणाऱ्या पानावरचं वाक्य नीट वाचलं तेव्हा उलगडलं: Your clock is ahead, आणि खाली ERR_CERT_DATE_INVALID.

साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते आणि फोन ती स्वतःच्या तारखेशी ताडून बघतो. फोनच्या हिशेबाने ज्यांची मुदत संपली त्या साइट अडत होत्या, ज्यांची मुदत लांबची होती त्या उघडत होत्या. घड्याळातली वेळ बरोबर होती, म्हणून कुणाचं लक्षच गेलं नाही. महिना मात्र सहाने पुढे होता. सेटिंगमध्ये तारीख-वेळ आपोआप घेण्याचा पर्याय बंद होता. तो चालू केला आणि मिनिटभरात बिल भरून झालं.

भाच्याने नंतर कबूल केलं. गेममधले ‘जीव’ संपले होते, ते लवकर परत मिळावेत म्हणून त्याने आजीच्या फोनची तारीख पुढे ढकलली होती.