पहिल्या आठवड्यात आधी इमारतीची ओळख

"आमच्या वसतिगृहात यंदा सात ते दहा वर्षांची बारा नवी मुले येत आहेत. ती रुळावीत म्हणून पहिल्या आठवड्यात कोणते उपक्रम घ्यावेत?"

मी नागपुरातील एका बालगृहात अनेक वर्षे काळजीवाहक म्हणून काम करते. माझ्या मते पहिल्या दिवशी मुलांना गोल बसवून "नाव सांगा, गाव सांगा, घरी कोण कोण असते" असे विचारू नये, कारण काही मुलांना नेमके याच प्रश्नाचे उत्तर चारचौघांत देता येत नाही. ते बोलणे समुपदेशकाकडे, एकांतात आणि मुलाच्या कलाने व्हावे.

त्याऐवजी पहिल्या दुपारी एका जुन्या मुलासोबत दोन-दोन नव्या मुलांना इमारत दाखवावी : आपला पलंग, पेटी, पिण्याचे पाणी, संडास, दिव्याची बटणे आणि रात्री ताई कुठे झोपतात ती खोली. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला कोरा कागद व खडू देऊन पलंगापासून संडासापर्यंतचा रस्ता काढायला सांगावा. चित्र सुबक आहे की नाही हे पाहायचे नसते; काय काढले नाही, तेवढे पाहायचे असते.

गडचिरोलीकडून आलेला, घरी गोंडी बोलणारा आठ वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे सलग तीन रात्री अंथरूण ओले करीत होता. घरची आठवण येत असेल, असे आम्ही धरून चाललो. त्याच्या कागदावर मात्र व्हरांड्यानंतर नुसता काळा खडू गिरवलेला होता आणि संडास नव्हताच. रात्री जाऊन पाहिले, तर तिथला बल्ब गेलेला होता. बल्ब बदलला, त्याचा पलंग दाराजवळ आणला आणि गोंडी जाणणाऱ्या एका मोठ्या मुलाने झोपण्यापूर्वी दोनदा त्याला त्या वाटेने नेऊन आणले. त्यानंतर एकच रात्र अंथरूण ओले झाले. आता आम्ही तिसऱ्या रात्री सर्वच नव्या मुलांना तो रस्ता कमी उजेडात चालवून आणतो. एवढे करूनही त्रास थांबला नाही, किंवा मूल जेवेनासे झाले, तर उपक्रम वाढवत बसू नये. डॉक्टर व समुपदेशकांना कळवावे.

रडू बहुधा दिवेलागणीला येते. तेव्हा शांत बसवण्यापेक्षा हातांना काम द्यावे. आम्ही भुईमुगाच्या शेंगा मध्ये ओततो आणि सगळे मिळून फोडतो, खातो. मोठी माणसेही सोबत बसतात, बोलण्याची सक्ती नसते आणि शेजारच्याकडे न पाहताही त्याच्याजवळ बसता येते.

घरी फोन लावून द्यायचा असेल, तर तो संध्याकाळी नको, सकाळी न्याहारीनंतर असावा, म्हणजे रडू आले तरी पुढे शाळा आणि खेळ असतो. बालगृहातील मुलांच्या बाबतीत कोणाशी संपर्क ठेवता येईल, हे बालकल्याण समितीच्या आदेशात आधी पाहून घ्यावे. फोनचा वार मुलाला आधीच सांगावा, आणि एकदा सांगितला की तो कोणत्याही कारणाने पुढे ढकलू नये.