सीटीसी अठरा लाख, मग हातात एवढंच का?

“मॅडम, ऑफर अठरा लाखांची आहे. म्हणजे महिन्याला दीड लाख. एचआर म्हणते, हातात लाखाच्या थोडं वर येईल. स्पेशल अलाउन्स कमी करून एचआरए, एलटीए, फूड कूपन, मोबाइल बिल असं काही वाढवून घेतलं तर टेक-होम वाढेल ना?”

नोकरी बदलणारे जवळजवळ सगळेच हे विचारतात. निखिलने (नाव बदललं आहे) विचारलं तेव्हा ऑफर लेटरचं अ‍ॅनेक्शर त्याच्या हातातच होतं. मी ते माझ्याकडे घेतलं नाही. पेन समोरच्याच्या हातात राहिलं पाहिजे, असं माझं जुनं मत आहे. सीए हाच हिशेब पाच मिनिटांत करून देतो. पण दुसऱ्याने केलेल्या हिशेबावर माणूस विश्वास ठेवतो, निर्णय घेत नाही.

मी त्याला एवढंच सांगितलं, “प्रत्येक ओळीपुढे लिहा: हे पैसे दर महिन्याला येतात, बिल दाखवल्यावर येतात, की नंतर कधीतरी येतात?”

बेसिक ९ लाख, एचआरए ३ लाख ६० हजार, एलटीए ६० हजार, स्पेशल अलाउन्स १ लाख ७९ हजार. या ओळींपुढे त्याने ‘दर महिन्याला’ लिहिलं. एलटीए त्या कंपनीत महिन्याच्या पगारातच मिळत होता, म्हणून तोही त्यात धरला. कंपनीचा पीएफ १ लाख ८ हजार आणि ग्रॅच्युइटी ४३ हजार यांच्यापुढे ‘नंतर’. राहिले व्हेरिएबलचे दीड लाख. तिथे पेन थांबलं.

“हे वर्षअखेरीस. तेही मिळाले तर.”

“मग दर महिन्याला किती?”

१४ लाख ९९ हजार भागिले बारा, म्हणजे सुमारे १ लाख २४ हजार ९००. त्यातून त्याचा स्वतःचा पीएफ ९ हजार, व्यवसाय कर २०० आणि टीडीएस साधारण १० हजार जाणार. उरले १ लाख ५ हजार ६५०. एचआर बाई खरं बोलत होती. दीड लाख आणि एक लाख पाच हजार यांतल्या तफावतीतला कराचा वाटा पावाहूनही कमी होता, आणि निखिल मात्र रात्री जागून कराचेच व्हिडिओ बघत होता.

मग आम्ही करावर आलो, व्हेरिएबलही पूर्ण मिळेल असं धरून. त्याला एचआरए वाढवायचा होता, कारण तो वीस हजार भाडं भरतो. मी विचारलं, “कोणती करप्रणाली घेणार?” तो म्हणाला, “नवीन. सगळे तीच घेतात.” नव्या प्रणालीत एचआरए आणि एलटीएची सूट नाहीच. २०२५-२६ च्या नियमांत फूड कूपनचीही नव्हती. म्हणजे स्पेशल अलाउन्सचं नाव बदलून एचआरए केलं तरी कर जिथल्या तिथे. जुन्या प्रणालीत सूट आहे, पण भाडं, ८०सीचे दीड लाख आणि पन्नास हजारांची प्रमाणित वजावट धरूनही त्याचा कर २ लाख ९ हजारांच्या घरात जात होता. नव्या प्रणालीत पंचाहत्तर हजारांची वजावट धरून १ लाख २१ हजार. ज्या सवलतींसाठी तो एचआरशी वाद घालणार होता, त्या त्याच्या कामाच्याच नव्हत्या. गृहकर्जाचं मोठं व्याज किंवा बरंच जास्त भाडं असेल तर चित्र बदलू शकतं. म्हणून आधी प्रणाली ठरवायची, मग रचनेकडे बघायचं.

मोबाइल बिलाची परतफेड मात्र नव्या प्रणालीतही करमुक्त राहते. निखिलचे डोळे चमकले. कंपनी महिना तीन हजारांपर्यंत द्यायला तयार होती.

“तुमचं बिल किती येतं?”

“आठशे.”

“लिहा.”

आठशे रुपये म्हणजे वर्षाला ९,६००. त्याच्या वरच्या टप्प्याचा दर उपकरासह १५.६ टक्के. वाचलेला कर साधारण दीड हजार, तोही वर्षाला. आणि हौसेने पूर्ण तीन हजार त्या खात्यात टाकले असते तर? दर महिन्याच्या पगारातून तीन हजार कमी झाले असते, बिलापोटी आठशे परत आले असते, आणि उरलेले बावीसशे मार्चपर्यंत अडकून शेवटी कर कापूनच मिळाले असते. परतफेडीचा मोठा आकडा ऑफर लेटरवर देखणा दिसतो. खर्च खरोखर होत नसेल तर तोच महिन्याची रोकड खातो.

पुढच्या भेटीला तो बायकोला घेऊन आला. तिने सरळ विचारलं, “एनपीएसने म्हणे बराच कर वाचतो?”

वाचतो. कंपनीने एनपीएसमध्ये बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत भरलेली रक्कम नव्या प्रणालीतही वजा होते. त्याच्या बाबतीत १ लाख २६ हजार. कर वाचेल सुमारे १९,६५०. निखिल खूश झाला. मी तोच कागद पुढे सरकवला. “हे १ लाख २६ हजार कुठून येणार?”

तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. “स्पेशल अलाउन्समधून. म्हणजे... हातात महिन्याला आठ-नऊ हजार कमी येणार?”

“८,८६०.”

“पण कर तर वाचला!”

“हो. वाचला.”

तो हसायला लागला. मी वाट बघत होते ती याच क्षणाची. कर वाचणं आणि हातात जास्त येणं या दोन गोष्टी त्याच्या मनात एकच होत्या. त्या वेगळ्या झाल्या तशी त्याची घालमेल थांबली, आणि नवरा-बायको पहिल्यांदाच एकमेकांशी बोलायला लागले, माझ्याशी नाही. तेव्हा कळलं, त्याने घरी दीड लाख सांगून ठेवले होते आणि त्यावर फ्लॅटचा हप्ता बसवला होता. पगाराची रचना विचारायला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा खरा प्रश्न असाच मागे लपलेला असतो. मी तो खोदून काढत नाही. आकडे नीट मांडले की तो आपणहून वर येतो.

टेक-होम खरंच वाढवणारी मोठी चावी पीएफची होती. काही कंपन्या रुजू होताना पीएफ पूर्ण बेसिकवर की १५ हजारांच्या मर्यादेवर, हे विचारतात. मर्यादा निवडली तर दोन्ही बाजूंची कपात नऊ हजारांवरून अठराशेवर येते. कंपनीच्या वाट्यातले उरलेले पैसे पगारात मिळणार असतील तर कर जाऊनही त्याच्या हातात महिन्याला सुमारे १३ हजार वाढले असते. नव्या प्रणालीत स्वतःच्या पीएफवर वजावट मिळत नाही, हेही खरं. पण ते तेरा हजार म्हणजे म्हातारपणातून उचललेले पैसे, आणि कंपनीचा करमुक्त वाटा कर भरून हातात घ्यायचा. बायको म्हणाली, “पीएफला हात नको.” निखिलने मान डोलावली.

उरलं व्हेरिएबल. मी त्याला कराबद्दल काहीही न बोलता एचआरला एकच गोष्ट मागायला सांगितली: दीड लाखांपैकी पन्नास हजार फिक्स्ड करा. सीटीसी तोच राहत असल्याने कंपनीला हे फार जड गेलं नाही. महिन्याला सुमारे ४,१६५ वाढले. मोबाइल बिलाखाली आठशेच ठेवले. एनपीएस सध्या नको म्हणाले. हातात येणारी रक्कम १ लाख ९ हजार ९०० झाली, आणि फ्लॅटचा हप्ता त्यावर पुन्हा मोजला.

असा बदल मागायचा तर स्वीकृतीचा मेल पाठवण्याआधी मागा, आणि सुधारित अ‍ॅनेक्शर लेखी घ्या. फोनवरचं “करून देऊ” धरू नका. अनेक कंपन्यांत एकदा रुजू झालात की रचना थेट एप्रिलमध्येच उघडते. आणि लेटरमध्ये एखाद्या रकमेपुढे ‘प्रत्यक्ष बिलांनुसार’ असं लिहिलेलं दिसलं, तर बिलं कोणत्या तारखेपर्यंत द्यायची आणि न दिलेली रक्कम पगारात मिळते की बुडते, हे त्याच मेलमध्ये विचारून घ्या.