पत्रात ‘पॅलिएटिव्ह केअर’ कसं लिहावं?

प्रश्न : मी कॅन्सर वॉर्डात नर्स आहे. पेशंटच्या घरच्यांना मराठीत पत्र द्यायचं आहे. ‘पॅलिएटिव्ह केअर’ला ‘उपशामक सेवा’ म्हणू का? नाव काढलं की लोकांना वाटतं, सगळं संपलं. हळुवारपणे कसं सांगावं?

‘पॅलिएटिव्ह केअर’ हेच नाव एकदा देवनागरीत लिहा, कारण फाइलवर आणि डॉक्टरांच्या तोंडी घरच्यांना तेच भेटणार आहे. त्याला लागूनच ‘त्रास कमी करणारे उपचार’ असं लिहा आणि पुढे पत्रभर तेच वापरा. ‘उपशामक’ अर्थाने अचूक आहे, पण घाबरलेल्या माणसाला तो वाचून काहीच बोध होत नाही. ‘परिहार’ म्हटलं की श्रमपरिहार आठवतो. ‘वेदनाशमन’ अपुरं पडतं, कारण धाप, मळमळ, न लागणारी झोप, कोरडं पडलेलं तोंड आणि मनातली भीती हे सगळं या उपचारांत येतं.

‘सेवा’ मात्र मी पत्रात अजिबात ठेवणार नाही. ‘घरी न्या आणि सेवा करा’ हे आपल्याकडे डॉक्टरांनी हात टेकल्यावरचं वाक्य आहे. तुम्हाला नको असलेला अर्थ त्या शब्दातूनच शिरतो. ‘उपचार’ म्हटलं की काही ना काही चालू आहे हे कळतं, आणि ते खरंही आहे. हे उपचार केमोथेरपीच्या जोडीनेही देता येतात.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ झगा, पांघरूण. तो पत्रात सांगू नका. मराठीत ‘पांघरूण घालणं’ म्हणजे लपवणं, आणि घरच्यांना तीच शंका असते.

नमुना देतो. वडिलांना फुप्फुसाचा कॅन्सर आहे, तो मणक्यात पसरला आहे आणि डॉक्टरांचं घरच्यांशी बोलणं झालेलं आहे, असं धरलं आहे. ते बोलणं झाल्याशिवाय पत्र हातात देऊ नये.

«नमस्कार दादा,
बाबांच्या फाइलवर आता ‘पॅलिएटिव्ह केअर’ असं लिहिलेलं दिसेल. त्याचा अर्थ, त्रास कमी करणारे उपचार. डॉक्टरांनी सांगितलं तसं, बाबांचा आजार आता पूर्ण बरा होणार नाही. पण पाठीचं दुखणं, धाप आणि मळमळ यांवर औषधं आहेत. ती चालू राहतील आणि आम्हीही तुमच्यासोबत आहोत.
मॉर्फिनची गोळी तक्त्याप्रमाणे सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० वाजता द्या. रात्री १० ची मात्रा दुप्पट लिहिली आहे, ती चूक नाही. त्यामुळे बाबांना २ वाजता उठवावं लागत नाही. पहिले दोन-तीन दिवस गुंगी वाटेल. या गोळीने शौचाला घट्ट होतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध रोज द्या. मधल्या वेळेत दुखलं तर फोन करा. हाक मारूनही बाबा नीट जागे होत नसतील किंवा श्वास फार मंद वाटला, तर पुढची गोळी न देता लगेच फोन करा.
— वॉर्डातल्या सिस्टर»

आजार बरा होणार नाही, हे वाक्य गाळावंसं वाटेल, तरी ठेवा. ते एकदाच, सरळ आणि छोटं असावं. पुढचं वाक्य ‘पण’ने सुरू होऊन ताबडतोब औषधांवर यावं. ‘आता काही करण्यासारखं नाही’ हे मात्र कुठल्याही रूपात नको.

गोळीबद्दल ‘गरज पडली तर’ असं लिहू नका. मराठी कानाला ते ‘अगदीच असह्य झालं तर’ असं ऐकू येतं. मग घरचे थांबतात, दुखणं चढतं आणि चढलेलं दुखणं आवरायला कठीण जातं. म्हणून घड्याळाच्या वेळाच लिहाव्यात.

दुसरा घोटाळा ‘सवय’ या शब्दाचा. ‘गोळीची सवय लागेल ना?’ हा प्रश्न येणारच. शरीराला औषध सरावतं तीही सवय आणि नशेची ओढ लागते तीही सवय, त्यामुळे उत्तरात दोन्ही वेगळी करा: ‘दुखण्यासाठी मोजून दिलेल्या या गोळीचं व्यसन लागेल अशी धास्ती नको. शरीराला मात्र ती सरावते, म्हणून आम्हाला न विचारता एकदम बंद करू नका.’ हा मजकूर फोनच्या वाक्यांनंतर घाला, आणि त्याखाली रात्रीही उचलला जाईल असा नंबर ठळक लिहा.