‘लिमिटेड’ कंपनीत मर्यादित नेमकं काय?

प्रश्न : ‘प्रायव्हेट लिमिटेड’मधल्या ‘लिमिटेड’चा अर्थ कंपनीची देणी मर्यादित असतात असा घ्यायचा का? मग कंपनी काढल्याने मालकाची बचत कशी वाचते?

नाही. कंपनीने घेतलेलं कर्ज कंपनीला पैन् पै फेडावं लागतं, अगदी शेवटचं यंत्र विकूनसुद्धा. मर्यादा आहे ती भागधारकाच्या जबाबदारीला. ‘मर्यादित दायित्व’ हा शब्दप्रयोग कोणाचं दायित्व हे सांगत नाही, म्हणून घोळ होतो.

याचं मूळ असं की कायद्याच्या नजरेत कंपनी ही मालकाहून वेगळी व्यक्ती आहे. 1896 मध्ये ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सने, सॉलोमन खटल्यात हे पक्कं केलं. कंपनीच्या 20,007 भागांपैकी 20,001 एकट्या सॉलोमनचे होते, बाकी सहा घरच्यांच्या नावावर. तरीही कंपनीचं कर्ज त्याचं ठरलं नाही.

आता हिशेब मांडू. मालकाने 10 रुपये दर्शनी किमतीचे एक लाख भाग घेतले, पण प्रत्येकी 6 रुपयेच भरले. म्हणजे सहा लाख दिले, चार लाख बाकी. कंपनी बुडाली तेव्हा देणी तीस लाख, आणि मालमत्ता विकून आले नऊ लाख. कंपनी गुंडाळणारा परिसमापक मालकाकडून भागांचे राहिलेले चार लाख वसूल करेल, त्यापुढे काही नाही. जमले तेरा लाख. गुंडाळण्याचा खर्च सोडला तरी सतरा लाख धनकोंचे बुडाले. हाच धंदा स्वतःच्या नावावर असता, तर कमी पडलेले एकवीस लाख मालकाच्या ठेवींतून आणि घरातून गेले असते. भागांचे पूर्ण पैसे आधीच भरलेले असतील, तर ते चार लाखही मागता येत नाहीत.

प्रत्यक्षात ही भिंत बहुतेकदा मालक स्वतःच पाडतो, वैयक्तिक हमीवर सही करून. नव्या कंपनीला नुसत्या तिच्या नावावर कर्ज द्यायला बँका सहसा तयार नसतात. वरच्या तीस लाखांत वीस लाख बँकेचे, बिनतारण आणि मालकाच्या हमीवर असतील, तर तेरा लाखांतून बँकेच्या वाट्याला सुमारे 8 लाख 67 हजार येतील. उरलेले 11 लाख 33 हजार ती थेट मालकाकडून घेईल. हे कंपनीचं देणं म्हणून नव्हे, तर त्याने स्वतः केलेल्या कराराचं. म्हणून कर्जाच्या कागदात ‘जामीनदार’ म्हणून आपलं नाव आहे का, आणि हमीला रकमेची कमाल मर्यादा लिहिली आहे का, हे सहीआधी पाहावं.

कंपनीच्या करारावर सही करतानाही वर कंपनीचं नाव आणि खाली ‘संचालक’ हे पद हवं. नुसती सही असेल, तर समोरचा ‘माझा व्यवहार या माणसाशी होता’ असा दावा करू शकतो. धनकोंना फसवण्यासाठीच कंपनी वापरली असेल, तर न्यायालय हा पडदा बाजूला सारून मालकालाच धरतं. घरखर्च कंपनीच्या खात्यातून आणि कंपनीची येणी स्वतःच्या खात्यात, असा कारभार अशा वेळी मालकाविरुद्ध पुरावा ठरू शकतो.